एक वाटी खोबरं

बोरिवलीत घरच्या घरी स्वयंपाकाचे क्लास घ्यायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्या फोनवर एकाच जातीचे निरोप येतात. ‘ही रेसिपी कन्व्हर्ट करून द्या ना.’ खाली कुठूनतरी उचललेली कृती. कशातून कशात करायची, किती जणांसाठी, घरात ओव्हन आहे की नुसता गॅस, यातलं काही लिहिलेलं नसतं. शिंप्याकडे जाऊन ‘एक ब्लाउज शिवून ठेवा’ म्हणायचं आणि माप न देता घरी यायचं, तसला हा प्रकार. मी अशा लोकांना फाडून खाते. क्लासमधल्या बायका म्हणतात, मावशी गोड पदार्थ शिकवतात पण तिखट बोलतात. म्हणू देत.

गणपतीच्या आठवडाभर आधी भाचेसुनेचा असाच निरोप आला. भाचेसून म्हणजे मुलुंडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची सून. मुलगी गुजराती, जन्म आणि शिक्षण इथलंच, बोरिवलीचं. लग्नाआधी तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे ती सासूपेक्षा मला आधीपासून ओळखते. निरोपात ताईच्या आवाजातली एक छोटी व्हॉइस नोट होती आणि खाली भाचेसुनेचं वाक्य: ‘मावशी, प्लीज हे कन्व्हर्ट करून द्या ना.’

ताईची नोट मी दोनदा ऐकली. ती अशी होती. ‘एक तवसा किसूचा. तीन वाटये रवो भाजून घेवचो, तांदळाचो. अडीच वाटये गूळ. एक वाटी खोबरा. चवीक मीठ, वेलची. टोपात घालून खाली-वर निखारे ठेवूचे. झाला.’

धोंडस. तवशाचा, म्हणजे गावठी मोठ्या काकडीचा, आमच्याकडचा केक म्हणा हवं तर. गणपतीत तवशी येतात तेव्हा आमच्या गावी घरोघर होतो. पण ताईच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात निखारे कुठून आणायचे, हे ‘झाला’ म्हणताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं होतं, त्यामुळे हात चालत नव्हता आणि तोंड दुप्पट चालत होतं.

मी भाचेसुनेला तीन प्रश्न पाठवले. कुठली वाटी? किती माणसं? कशावर करणार?

उत्तरं आली. ‘घरातली.’ ‘सगळे.’ ‘किचनमध्ये जे आहे त्याच्यावर.’

मी फोन लावला. ‘तू माझी थट्टा करतेयस का गं?’

‘नाही मावशी,’ ती म्हणाली, आणि आवाज असा होता की माझा पारा तिथल्या तिथे उतरला. ‘मला यंदा गणपतीच्या दुसऱ्या दिवशीचं गोड करायचंय. मीच. मम्मींचा हात असा आहे, त्या बाहेरून मोदक मागवू म्हणतायत. मी म्हटलं, नको, मी धोंडस करते. आणि आता मला झोप येत नाहीये.’

‘एवढं काय त्यात? नाही जमलं तर मागवा.’

ती म्हणाली, ‘मागच्या वर्षी थोरल्या काकी काय म्हणाल्या आठवतं ना?’

मला आठवत होतं, कारण मी शेजारीच बसले होते. थोरल्या काकी म्हणजे ताईची मोठी जाऊ, त्या घराण्यातली सगळ्यात वडील बाई. नवी सून हातात ताटं घेऊन बाहेर आली, तर काकी स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, ‘अगो, पाहुणीच्या हातात कित्याक देतास? बसांदे तिका.’ मायेनंच म्हणाल्या. पण पोरीच्या हातातून कोणीतरी ताटं काढून घेतली आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. ती पानावर मान खाली घालून जेवली. ‘त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं मावशी,’ ती आता म्हणत होती. ‘लग्नाला दीड वर्ष झालं. मला त्या घरात पाहुणी म्हणून नाही राहायचं.’

मला हे ऐकून वाईट वाटलं आणि रागही आला. काकींचा नाही, आम्हा सगळ्यांचा. ताटं काढून घेणाऱ्यांत मी नसले तरी, ‘बस गं’ म्हणून जागा करून देणारी मीच होते.

‘कागद पेन घे,’ मी म्हटलं.

मग आम्ही एकेक गोष्ट उकरून काढली. ‘सगळे’ म्हणजे पस्तीस ते चाळीस, कारण काकींच्या कांदिवलीच्या मुलींची कुटुंबंही येतात. ओव्हन नाही. मायक्रोवेव्ह आहे, पण तो नुसतं गरम करणारा. तीन बर्नरचा गॅस, दोन जाड बुडाचे पसरट टोप, पाच लिटरचा कुकर, एक जुना लोखंडी तवा, एक नॉनस्टिक तवा. वाटी ताईच्या घरातली, भाजीची. मी तिला तीत पाणी भरून औषधाच्या मापानं मोजायला लावलं. दीडशे मिली भरलं. माझीही वाटी तेवढीच, कारण दोघींच्या लग्नात आईनं एकाच दुकानातून सेट घेतले होते.

‘आता एक वाटी रवा भरून वजन कर,’ मी म्हटलं. घरात वजनकाटा नव्हता. तो माझ्याकडे होता. मी रवा, गूळ, सगळं माझ्या वाटीनं घेऊन वजनं लिहिली आणि तिला म्हटलं, मी आधी इथे एक घाणा करून बघते, मग तुला पक्कं सांगते. न करून बघितलेलं माप दुसऱ्याच्या सणाला द्यायचं नसतं. हे मी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगते.

तवसं मिळालं नाही, म्हणून साध्या काकड्या किसल्या. कीस किती घ्यायचा हे ताईनं सांगितलं नव्हतं, नुसतं ‘एक तवसा’. तवसं काय, कोणी दीड किलोचं आणतं, कोणी अर्ध्या किलोचं. पण रव्याच्या दुप्पट कीस, पाण्यासकट, हे माझ्या हाताला माहीत होतं. तीन वाट्या रवा तुपावर भाजला, सहा वाट्या कीस, अडीच वाट्या गूळ, एक वाटी खोबरं, मीठ, वेलची. रवा फुगेपर्यंत शिजवून घेतलं, तूप लावलेल्या टोपात थापलं. टोप तापल्या तव्यावर ठेवला, मंद आच, वर घट्ट झाकण.

झाला तो अगदीच वाईट नव्हता. सुरी घातली तर स्वच्छ बाहेर आली. पण तोंडात घातला आणि मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. कोरडा. घशात बसणारा. गोड होता, पण आईच्या धोंडसाला जी एक ओल होती, दाताखाली दुधासारखं काहीतरी यायचं, ते नव्हतंच.

‘बरा आहे,’ नवरा म्हणाला. त्याच्या ‘बरा’ला मी तीस वर्षं ओळखते.

मी काकडीला दोष दिला. मग रव्याला. मग दुकानदाराला. तूप वाढवून दुसरा घाणा केला, तो तेलकट आणि कोरडा असा दोन्ही झाला. मी ताईला फोन केला. ‘तू काहीतरी विसरलीस.’

‘मी कायएक विसरूक नाय,’ ताई म्हणाली. ‘तुझोच हात बसलो नसतलो.’

तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तिला सांगून कळत नाही आणि मला ऐकून घेता येत नाही, हे दोघींनाही माहीत आहे. मी फोन ठेवला आणि भाचेसुनेला लावला. खरं सांगते, मी तिला ‘मोदक मागव’ असं सांगणार होते. कोरडा धोंडस घेऊन ती पोर काकींसमोर उभी राहिली असती तर तिचं काय झालं असतं, हे मला दिसत होतं.

‘मावशी,’ मी बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मला एक डाउट आहे. विचारू का? वेडा असेल.’

‘विचार.’

‘आमच्यात भांड्याला वाटकी म्हणतात. लग्नाआधी घरात कधी वाटी म्हटलंच नव्हतं, म्हणून मी नीट ऐकते मम्मी कधी कधी वाटी म्हणतात ते. भाजी वाढताना म्हणतात, तेव्हा ही स्टीलची. पण परवा मला म्हणाल्या, फ्रीजमधली वाटी काढ. मी स्टीलची वाटी शोधत बसले. त्यांना अर्धा नारळ पाहिजे होता.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तर एक वाटी खोबरं म्हणजे,’ ती हळूच म्हणाली, ‘वाटीभर खोबरं की नारळाची एक वाटी?’

माझं सगळं लहानपण ज्या घरात गेलं तिथे आई सकाळी नारळ फोडायची आणि म्हणायची, एक वाटी आमटीला, एक वाटी भाजीला. अर्ध्या नारळाला दुसरा शब्दच नव्हता आमच्याकडे. आणि मी, आयुष्यभर लोकांची मापं काढणारी बाई, गेली कितीतरी वर्षं बाजारातलं खवलेलं खोबरं पिशवीतून चमच्यानं काढून वापरते. फोडायचा नारळ घरात येईनासा झाला आणि त्याच्याबरोबर माझ्या कानातून तो अर्थही गेला. मी वाटी शब्द ऐकला आणि हात सरळ भांड्यांच्या रॅककडे गेला. तीन प्रश्न विचारले होते मी, आणि ‘कुठली वाटी’ हा पहिलाच होता.

‘बाळा,’ मी म्हटलं, ‘तू जरा थांब.’

खाली जाऊन मोठा नारळ आणला. नवऱ्याकडून फोडून घेतला, एक वाटी खवली आणि स्टीलच्या वाटीनं मोजली. जवळजवळ अडीच वाट्या भरल्या. म्हणजे ताईनं सांगितल्याच्या निम्मंही खोबरं मी घालत नव्हते. तिसरा घाणा केला. थंड होईपर्यंत दम निघाला नाही, कोपरा गरमच तोडला, आणि तोंडात घातला तशी मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. ते दूध दाताखाली आलं होतं. नवऱ्यानं दुसरा तुकडा न विचारता उचलला. मला हेवा वाटला का त्या पोरीचा? थोडासा वाटला. पण त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला, अगदी उड्या मारण्यासारखा, आणि गुडघ्यांमुळे त्या मारता आल्या नाहीत.

आता पाढा सोपा होता. एका घाण्यात बारा-तेरा जणांना तुकडे पुरतात, म्हणून तिप्पट. नऊ वाट्या रवा, म्हणजे किलोला थोडा कमी. अठरा वाट्या कीस. साडेसात वाट्या गूळ. आणि खोबरं तीन वाट्या, पण नारळाच्या, म्हणजे दीड नारळ. मी हे सगळं तिला लिहून पाठवलं आणि खोबऱ्यासमोर ‘दीड नारळ’ एवढंच लिहिलं. वाटी हा शब्दच काढून टाकला.

गॅसचं गणित मात्र वेगळं होतं आणि तिथे क्लासमधल्या बायका हमखास फसतात. साहित्य तिप्पट झालं म्हणून एकाच खोल टोपात तिप्पट भरलं, की बूड करपतं आणि मधलं कच्चं राहतं. थर जाडीला तेवढाच राहिला पाहिजे, भांडी वाढवायची. थर तोच तर वेळही साधारण तेवढाच. दोन टोप दोन तव्यांवर, तिसरा घाणा कुकरच्या भांड्यात, कुकरच्या तळाला मीठ पसरून, वर शिट्टी आणि रबर काढून. राहिला प्रश्न निखाऱ्यांचा. वरून आच नाही म्हणजे वरची बाजू पांढरट, ओलसर राहणार. ‘त्याचं काय?’ तिनं विचारलं.

‘उलटायचा,’ मी म्हटलं. ‘पण पूर्ण गार झाल्यावर. गरम उलटलास तर तुकडे होतील. ताटात पालथा कर, तवा तुपानं पुसून घे आणि वरची बाजू खाली करून अलगद सरकव. दोन्ही बाजूंना रंग येईल.’

गणपती बसले त्या दिवशी दुपारी मी मुलुंडला गेले. आरती झाली होती, घरात धुपाचा वास होता, ताई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून सोफ्यावरून हुकूम सोडत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि स्वतःला बजावलं की कशाला हात लावायचा नाही. माझ्यासाठी हे किती कठीण असतं ते माझ्या घरच्यांना विचारा. तिनं रवा भाजताना आच मोठी ठेवली तेव्हा मी खुर्चीची दांडी धरली. तिनं स्वतःच वास ओळखून गॅस बारीक केला.

गावाहून आलेली तीन तवशी तिनं किसली. भाच्यानं दोन नारळ फोडून दिले. चार वाट्या ओट्यावर मांडल्या होत्या. तिनं त्यातल्या तीन उचलल्या, चौथी फ्रीजमध्ये ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

सोफ्यावरून ताई ओरडली, ‘अगो, एवढा खोबरा?’

‘तुम्हीच सांगितलं मम्मी,’ ती म्हणाली. ‘एका घाण्याला एक वाटी.’

‘हां, मगे बरोबर,’ ताई म्हणाली, जणू काही झालंच नव्हतं. मी पुन्हा खुर्चीची दांडी धरली.

तिन्ही भांडी चढली. वेळ जाता जात नव्हता. पहिला टोप गार झाल्यावर तिनं कडेनं सुरी फिरवली, वर ताट घातलं, श्वास घेतला आणि एका झटक्यात पालथा केला. मी डोळे मिटले होते. उघडले तर ताटात अखंड चकती, बुडाकडून पिंगट, कुठे भेग नाही. ती अशी उभी होती की आता रडेल की हसेल ते कळेना. मग तवा पुसला आणि ती चकती तव्यावर सरकवली. दुसऱ्या दोन तिनं माझ्याकडे न बघताच उलटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत घरच्यांची बसली. मी काकींच्या शेजारी. धोंडसाचे तुकडे पानात आले. वाढणारी तीच होती, पण काकी आपल्या मुलीशी बोलत होत्या आणि त्यांनी वर बघितलं नव्हतं. त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला आणि बोलणं थांबवलं. दुसरा घास घेतला. मग तुकडा उचलून खालची बाजू बघितली, मग वरची.

‘निखारे खंय पेटयलास?’ त्यांनी ताईला विचारलं.

‘माका काय विचारतंस?’ ताई प्लास्टरचा हात वर करत म्हणाली. ‘सुनेन केल्यान.’

काकींनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती ताट धरून उभी होती. ‘निखारे नव्हते काकी,’ ती म्हणाली. ‘गॅसवर केलं. गार झाल्यावर उलटून तव्यावर टाकलं.’

‘नि खोबरा?’

‘दीड नारळ. तीन घाण्यांना तीन वाट्या.’

काकींनी हातातला तुकडा संपवला. ‘माझ्या सासूचो असोच असायचो,’ एवढंच म्हणाल्या आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. मला तिथे पंगतीत टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पोरीनं ताटातला सगळ्यात मोठा तुकडा निवडून वाढला.

तेवढ्यात बेल वाजली. भाच्याच्या ऑफिसची मंडळी दर्शनाला आली होती, सात-आठ जण, चपला काढत दारात गर्दी करून. घरातल्या दोघी-तिघी उठायला लागल्या. काकींनी हातानंच त्यांना बसवलं आणि सुनेकडे बघितलं.

‘उभी काय रवलंस?’ त्या म्हणाल्या. ‘जा. पाहुण्यांका वाढ.’

तिनं माझ्याकडे बघितलं, कारण तिथे त्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघींनाच कळला होता. काकींना तर मागच्या वर्षीचं काही आठवतही नसणार. मग तिनं पदर खोचला आणि आत गेली.

माझं जेवण झालं होतं. मी उठून तिच्या मागे गेले, धोंडसाचं ताट ओट्यावरून उचललं. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

‘तुम्ही बसा मावशी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही पाहुण्या.’